पहिली फेरी हुकल्यावर: मशीन लर्निंगमधलं आधी काय पक्कं करायचं

पहिल्या टेक्निकल फेरीतून बाहेर पडल्यावर मी कच्च्या विषयांची यादी केली, तेव्हा सगळ्यात वर ट्रान्सफॉर्मर होते, कारण त्या प्रश्नावर मला काहीच बोलता आलं नव्हतं. यादी नीट लावली तेव्हा ते तळाला गेले. वर आले प्रिसिजन आणि रिकॉल. या दोन्हींच्या व्याख्या मी इंटरव्ह्यूत बरोबर सांगितल्या होत्या, पण पुढच्या प्रश्नावर उत्तर थांबलं होतं. ही उलटापालट का झाली आणि त्या क्रमाने अभ्यास कसा करायचा, याच्या या नोंदी आहेत. पहिल्यांदाच मशीन लर्निंगच्या जागांसाठी इंटरव्ह्यू देणाऱ्यांना त्या जशाच्या तशा वापरता येतील.

आधी यादी, तीही त्याच दिवशी

आठवतील तेवढे सगळे प्रश्न लिहून काढा. विषयाचं नाव लिहून भागत नाही, प्रश्न ज्या शब्दांत आला तसाच उतरवा. "इव्हॅल्युएशन कच्चं आहे" या नोंदीतून अभ्यासाला काहीच हाती लागत नाही. "अॅक्युरसी ९९ टक्के आहे, मॉडेल लाइव्ह करायचं का, असं विचारलं, प्रिसिजन बघू म्हटलं, किती प्रिसिजन पुरेल, यावर अडलं" ही नोंद उपयोगाची, कारण उत्तर कुठल्या पायरीवर थांबलं ते तिच्यात दिसतं.

मग प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा. नावच ऐकलं नव्हतं, तर "नवं". व्याख्या सांगता आली पण "का?" किंवा "मग काय कराल?" यावर अडलं, तर "पोकळ". समजत होतं पण कागदावर आकडा काढता आला नाही किंवा कोड लिहिता आला नाही, तर "हात नाही".

आपली धाव साहजिकच "नवं"कडे जाते, कारण तिथली शांतता सगळ्यात जास्त टोचलेली असते. पण नवशिक्यांच्या पहिल्या फेरीत न ऐकलेल्या विषयावर "हे मी अजून केलेलं नाही" असं सरळ सांगितलं तर बहुतेक वेळा प्रश्न बदलतो. "पोकळ" जागा जास्त महागात पडते. समोरचा तिथे आणखी खोदतो, आणि एक उत्तर ढासळलं की त्याच्या आधाराने दिलेली आधीची उत्तरंही संशयात येतात. म्हणून माझा क्रम असा: आधी पोकळ, मग हात नाही, शेवटी नवं. पोकळमध्येही ज्या गोष्टीवर यादीतले जास्त प्रश्न उभे आहेत ती पहिली. याला अपवाद एकच आहे. जे तुमच्या रेझ्युमेवर लिहिलंय ते कुठल्याही गटात असलं तरी वर येतं, किंवा मग रेझ्युमेवरून काढून टाकायचं.

माझ्या यादीत याप्रमाणे चार गोष्टी वर आल्या: मॉडेल मोजायचं कसं, डेटा लीकेज, ओव्हरफिटिंग ओळखणं, आणि लॉजिस्टिक रिग्रेशनची एक पायरी हाताने करणं. पहिल्या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त वेळ द्यावा, असं माझं ठाम मत आहे. आकडाच चुकीचा मोजला तर मॉडेल कोणतं वापरलं याने काही फरक पडत नाही.

मोजमाप: एकच उदाहरण शेवटपर्यंत न्यायचं

प्रिसिजन-रिकॉलच्या व्याख्या पाठ करून हा विषय पक्का होत नाही. एकच उदाहरण घ्या आणि त्याला पाच-सहा उलटे प्रश्न विचारा. माझं उदाहरण असं: १०,००० ऑनलाइन व्यवहार, त्यातले १०० फसवणुकीचे.

"सगळे व्यवहार खरे" असं डोळे मिटून सांगणाऱ्या मॉडेलची अॅक्युरसी ९९ टक्के येते आणि ते एकही फसवणूक पकडत नाही. इथपर्यंत सगळेच सांगतात. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. आपलं मॉडेल प्रत्येक व्यवहाराला ० ते १ मधला स्कोअर देतं. थ्रेशोल्ड ०.५ ठेवला तर एक चित्र दिसतं, ०.२ ठेवला तर दुसरं. समजा आकडे असे आले:

| थ्रेशोल्ड | पकडलेली फसवणूक | सुटलेली फसवणूक | खोटे इशारे | बरोबर सोडलेले |
|---|---|---|---|---|
| ०.५ | ६० | ४० | ४० | ९,८६० |
| ०.२ | ८५ | १५ | ३४० | ९,५६० |

०.५ वर मॉडेलने १०० इशारे दिले आणि त्यातले ६० खरे निघाले, म्हणून प्रिसिजन ६० टक्के. खऱ्या १०० फसवणुकींपैकी ६० सापडल्या, म्हणून रिकॉलही ६० टक्के. अॅक्युरसी ९९.२ टक्के. ०.२ वर इशारे ४२५ झाले, त्यातले ८५ खरे, म्हणजे प्रिसिजन २० टक्के. रिकॉल मात्र ८५ टक्क्यांवर गेला. अॅक्युरसी ९६.४५ टक्के, म्हणजे काहीच न करणाऱ्या मॉडेलपेक्षाही कमी.

"मग यातलं कोणतं निवडाल?" माझं उत्तर नेमकं याच प्रश्नावर थांबलं होतं. "F1 स्कोअर बघू" हे उत्तर पुरत नाही, कारण F1 मध्ये प्रिसिजन आणि रिकॉलला सारखं वजन असतं आणि इथे दोन्ही चुकांचा खर्च सारखा नाही. खर्च मांडावा लागतो.

समजा एक इशारा तपासायला १ एकक खर्च येतो आणि एक फसवणूक सुटली तर १०० एककांचं नुकसान होतं. ०.५ वर सुटलेल्या ४० चे ४,००० आणि १०० तपासण्यांचे १००, मिळून ४,१००. ०.२ वर १५ चे १,५०० आणि ४२५ तपासण्यांचे ४२५, मिळून १,९२५. म्हणजे ०.२ निम्म्याहून कमी खर्चाचं, आणि अॅक्युरसी बघितली असती तर आपण नेमकं उलटं निवडलं असतं.

आता नुकसान १०० ऐवजी ५ एकक धरा. ०.५ चा खर्च २०० अधिक १००, म्हणजे ३००, ०.२ चा ७५ अधिक ४२५, म्हणजे ५००. निर्णय फिरला. कुठे फिरतो तेही काढता येतं: ०.२ वर गेल्याने २५ फसवणुकी जास्त सापडतात आणि ३२५ तपासण्या वाढतात. ३२५ ला २५ ने भागलं की १३. सुटलेली फसवणूक तपासणीच्या १३ पटींहून महाग असेल तर ०.२, स्वस्त असेल तर ०.५. हा भागाकार कागदावर करून दाखवता आला की "पोकळ" ही खूण पुसायला हरकत नाही.

याच उदाहरणातून आणखी दोन प्रश्न निघतात. पहिला: ROC वक्र छान दिसतो, तरी तपास करणारी माणसं खोट्या इशाऱ्यांनी का वैतागतात? ROC च्या आडव्या अक्षावर खोट्या इशाऱ्यांचं खऱ्या व्यवहारांशी प्रमाण असतं. ०.२ वर ते ३४० भागिले ९,९००, म्हणजे सुमारे ३.४ टक्के. आकडा इवलासा दिसतो, कारण भाजक प्रचंड आहे. पण तपासणाऱ्याच्या टेबलावर येणाऱ्या दर पाचांपैकी चार इशारे खोटे असतात. प्रिसिजन-रिकॉलचा वक्र हे लपवत नाही, म्हणून फसवणुकीसारख्या दुर्मीळ गोष्टींसाठी तो सोबत बघायचा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: प्रत्यक्षात फसवणूक १ टक्का नसून ०.१ टक्काच असेल तर? मॉडेल तेच, रिकॉल ८५ टक्के, खऱ्या व्यवहारांवर खोटा इशारा देण्याचं प्रमाणही तेच ३.४ टक्के. १,००,००० व्यवहार घ्या. फसवणुकी १००, सापडल्या ८५. उरलेल्या ९९,९०० खऱ्या व्यवहारांवर साधारण ३,४०० खोटे इशारे. प्रिसिजन २० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या खाली घसरलं. मॉडेल बिघडलेलं नाही, मूळ प्रमाण बदललंय. ट्रेनिंगसाठी फसवणुकीचे नमुने मुद्दाम वाढवले असतील आणि टेस्ट सेटही तसाच फुगवलेला असेल, तर तिथलं प्रिसिजन प्रत्यक्षात टिकत नाही ते याच कारणाने. टेस्ट सेटमध्ये प्रमाण खऱ्या जगातलंच ठेवायचं.

जाता जाता: थ्रेशोल्ड व्हॅलिडेशन सेटवर ठरवायचा. टेस्ट सेटवर बघून ठरवला तर तो सेट निवडीत वापरला गेला, आणि त्याच्यावरचा आकडा थोडा फुगलेला येणार. इथूनच पुढचा विषय सुरू होतो.

डेटा लीकेज: डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही

"टेस्ट डेटाची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपणे" ही व्याख्या सगळ्यांना येते. पण ती किती नुकसान करते हे हातात बसण्यासाठी खालचा कोड चालवा. यातला डेटा पूर्ण यादृच्छिक आहे: ५० ओळी, ५,००० फीचर्स आणि त्यांच्याशी काहीही संबंध नसलेली लेबलं. शिकण्यासारखं त्यात काहीच नाही, म्हणून प्रामाणिक उत्तर ५० टक्क्यांच्या आसपासच यायला हवं.

```python
import numpy as np
from sklearn.feature_selection import SelectKBest, f_classif
from sklearn.linear_model import LogisticRegression
from sklearn.model_selection import cross_val_score
from sklearn.pipeline import make_pipeline

rng = np.random.default_rng(0)
X = rng.normal(size=(50, 5000))
y = np.array([0, 1] * 25)

X20 = SelectKBest(f_classif, k=20).fit_transform(X, y)
print(cross_val_score(LogisticRegression(), X20, y, cv=5).mean())

p = make_pipeline(SelectKBest(f_classif, k=20), LogisticRegression())
print(cross_val_score(p, X, y, cv=5).mean())
```

पहिला आकडा ९० टक्क्यांच्या वर येतो. दुसरा ५० च्या आसपास घुटमळतो. ओळी फक्त ५० असल्यामुळे `default_rng` मधला आकडा बदलला की तो थोडा खाली-वर होतो. दोन्हीकडे मॉडेल तेच आणि क्रॉस-व्हॅलिडेशनही तेच. फरक एवढाच की पहिल्यात २० फीचर्स निवडताना सगळ्या ५० ओळींची लेबलं बघितली गेली. ५,००० निरर्थक फीचर्समध्ये काही तरी योगायोगाने लेबलांशी जुळणारी निघणारच, आणि ती ज्या ओळींवर जुळली त्याच ओळी पुढे "टेस्ट" म्हणून आल्या. पाइपलाइनमध्ये निवड प्रत्येक फोल्डच्या ट्रेनिंग भागावरच होते, म्हणून फुगवटा उरत नाही.

इथे समोरचा लगेच विचारू शकतो: "स्केलिंग आधी केलं तर एवढाच फरक पडेल का?" नाही. StandardScaler लेबलं बघत नाही, फक्त सरासरी आणि प्रमाण विचलन घेतो, त्यामुळे मोठ्या डेटावर फरक बहुधा जाणवतही नाही. तरी सवय म्हणून ते पाइपलाइनमध्येच ठेवावं. सगळ्या लीकेजला एकाच मापाने घाबरणाऱ्या उत्तरापेक्षा हा फरक सांगणारं उत्तर जास्त भरवशाचं वाटतं. जिथे लेबल वापरलं जातं किंवा ओळींच्या नकला होतात तिथे धोका मोठा असतो: फीचर निवड, टार्गेट एन्कोडिंग, आणि स्प्लिट करायच्या आधी दुर्मीळ वर्गाच्या ओळी वाढवणं. तीच ओळ ट्रेनमध्ये आणि टेस्टमध्ये दोन्हीकडे गेली की मॉडेलला ती नुसती लक्षात ठेवणंही पुरतं.

पाइपलाइनलाही न पकडता येणारे दोन प्रकार आहेत, आणि केस स्टडीच्या प्रश्नांत बहुधा तेच दडलेले असतात. एक म्हणजे घटना घडल्यानंतरच कळणारी माहिती फीचर म्हणून येणं. फसवणुकीच्या उदाहरणात "खातं गोठवलं का" हा कॉलम अफलातून काम करतो, कारण खातं फसवणूक उघडकीला आल्यावरच गोठवलं जातं. प्रत्येक फीचरला विचारायचं: अंदाज करायच्या क्षणी ही किंमत माझ्या हातात असेल का? दुसरा प्रकार, एकाच ग्राहकाच्या ओळी दोन्हीकडे विखुरणं. मॉडेलला नवीन ग्राहकांवर चालवायचं असेल तर स्प्लिट ग्राहकानुसार करावा लागतो, त्यासाठी `GroupKFold` आहे. भविष्यातल्या व्यवहारांवर चालवायचं असेल तर स्प्लिट तारखेनुसार.

लीकेजचा संशय कधी घ्यायचा? अवघड प्रश्नावर पहिल्याच प्रयत्नात आकडा विलक्षण चांगला आला तेव्हा. मग फीचर इम्पॉर्टन्स काढायचं, सगळ्यात वरचं फीचर बाजूला ठेवून पुन्हा मोजायचं, आणि आकडा कोसळला तर ते फीचर कुठून आणि कधी येतं हे शोधायचं. तो कोसळला म्हणजे लीकेज सिद्ध झालं असं नाही, फीचर खरोखरच चांगलंही असू शकतं. पण चौकशी कुठून सुरू करायची ते कळतं.

ओव्हरफिटिंग: दोन आकडे शेजारी ठेवून बोलायचं

इथे माझी अडचण साधी होती. "बायस-व्हेरिअन्स ट्रेड-ऑफ" म्हणून मी बोलत राहिले आणि समोर ठेवलेल्या दोन आकड्यांवरून निदान करायचं राहिलं. फसवणुकीचं उदाहरण इथे बाजूला ठेवा आणि दोन्ही वर्ग सारख्या प्रमाणात असलेला डेटा धरा. ट्रेनिंग ९९ टक्के आणि व्हॅलिडेशन ८० टक्के असेल तर मॉडेल पाठांतर करतंय. जास्त डेटा, जास्त रेग्युलरायझेशन किंवा साधं मॉडेल यांचा इथे उपयोग होतो. ट्रेनिंग ७८ आणि व्हॅलिडेशन ७७ असेल तर दोन्ही आकडे जवळ आहेत पण खाली आहेत. इथे आणखी ओळी गोळा करून फारसं काही हाती लागत नाही. चांगली फीचर्स किंवा जास्त ताकदीचं मॉडेल लागतं. पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा: हेच काम माणूस किती अचूक करतो? माणसांचंही ७९ टक्क्यांवरच एकमत होत असेल, तर ७७ हा कमी आकडा नाही.

एक बारीक जागा पक्की करून ठेवा. scikit-learn च्या LogisticRegression मध्ये `C` वाढवला की रेग्युलरायझेशन कमी होतं, कारण `C` हे त्याचं व्यस्त प्रमाण आहे. Ridge मध्ये `alpha` वाढवला की ते वाढतं. घाईत या दोन्हींची अदलाबदल सहज होते.

हाताने एक पायरी

"हात नाही" गटातून मी एकच गोष्ट उचलली: लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये ग्रेडिएंट डिसेंटची एक पायरी कागदावर करणं. न्यूरल नेटवर्कच्या शेवटच्या थरातही हाच हिशेब असतो, म्हणून एकाच मेहनतीत दोन विषय पुढे सरकतात.

सुरुवातीला w = 0, b = 0. एकच नमुना, x = 2, y = 1. z = wx + b = 0, म्हणून सिग्मॉइड p = 0.5. लॉस −ln(0.5), म्हणजे सुमारे 0.693. ग्रेडिएंट w साठी (p − y)x = −1 आणि b साठी (p − y) = −0.5. लर्निंग रेट 0.1 घेतला की w = 0.1 आणि b = 0.05. पुन्हा मोजलं तर z = 0.25, p सुमारे 0.562, लॉस 0.576. लॉस उतरला, म्हणजे चिन्ह बरोबर लागलं. ग्रेडिएंट वजा करायच्या ऐवजी मिळवला तर हाच लॉस वाढलेला दिसतो. इंटरव्ह्यूत स्वतःचा कोड तपासायला एवढं पुरतं. यानंतर विचारतात की (p − y) इतकं सुटसुटीत कसं येतं. लॉसचं p नुसार डेरिव्हेटिव्ह काढलं की भाजकात p(1 − p) येतो, सिग्मॉइडच्या डेरिव्हेटिव्हमध्ये तोच अंशात असतो, आणि दोन्ही कटतात. हे एकदा स्वतः सोडवून बघा.

काय मागे ठेवलं

ट्रान्सफॉर्मर, डिफ्युजन मॉडेल्स, रिइन्फोर्समेंट लर्निंग हे सगळं मी "नवं" गटात मागे ठेवलं. जागेच्या वर्णनात भाषेची मॉडेल्स स्पष्ट लिहिलेली असतील तर अटेन्शन वर आणावंच लागेल, पण तेही मोजमाप आणि लीकेजनंतर. SVM चे कर्नल, PCA चं पूर्ण गणित यांना मी धावता हात लावला, कारण माझ्या यादीतला दुसरा कुठलाच प्रश्न त्यांच्यावर उभा नव्हता. तुमच्या यादीत तो असेल तर क्रम बदला.

एखादा विषय झाला हे ठरवायला मी अशी चाचणी ठेवली आहे: नोंदी बंद करून कोऱ्या कागदावर उदाहरण नव्या आकड्यांनी मांडायचं आणि मित्राला मध्ये मध्ये "का?" आणि "हे बदललं तर?" असं विचारायला सांगायचं. मित्र मशीन लर्निंगमधला नसला तरी चालतो. फसवणुकीचं प्रमाण, तपासणीचा खर्च, थ्रेशोल्ड यातलं काहीही त्याने बदललं तरी हिशेब पुन्हा मांडता आला, तर पुढच्या विषयाकडे जायचं. नाही आला तर उत्तर ज्या पायरीवर थांबलं ती यादीत नव्याने लिहायची आणि पुढची उजळणी तिथूनच सुरू करायची.